गर्भजल २८ आणि गर्भजल ५ : एकाच आईच्या दोन खेपा

सुजाता (नाव बदललं आहे) दुसऱ्या बाळंतपणासाठी आमच्याकडे पाठवली गेली, तेव्हा तिला एकतिसावा आठवडा चालू होता. वय २८, साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावची. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्यावर एएफआय, म्हणजे गर्भजलाचं माप, ४.१ सेंटीमीटर आणि खाली ठळक अक्षरांत ‘गर्भजल खूपच कमी’. सोबत सासूबाई होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या खेपेला तिला आम्हीच तपासलं होतं, आणि तेव्हा तक्रार बरोबर उलटी होती. एएफआय २८.६, पाणी जास्त.

बसल्या बसल्याच ती म्हणाली, “मॅडम, मागच्या वेळी पाणी जास्त, या वेळी कमी. माझ्या अंगातच काही खोट आहे का?”

सासूबाईंचं निदान आधीच झालेलं होतं. मागच्या वेळी पोटात पाणी जास्त झालं म्हणून या वेळी त्यांनी सुनेचं पाणी पिणं बेतात ठेवलं होतं. आता रिपोर्ट कमी आला, म्हणजे आपण फारच बेतात ठेवलं, असं त्यांना वाटत होतं. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या होत्या.

पहिल्या खेपेचं थोडक्यात सांगते, कारण दुसरी समजायला ती लागते. तेव्हा तेहेतिसाव्या आठवड्यात पोट महिन्यांच्या मानाने मोठं दिसत होतं आणि सुजाताला आडवं झालं की धाप लागायची. एएफआय साधारण २४ च्या वर गेला की आपण पाणी जास्त म्हणतो. ३० पर्यंत सौम्य, ३५ च्या वर तीव्र. म्हणजे तिचं प्रकरण सौम्य गटातलं. अशा वेळी मनात दोनच प्रश्न असतात : बाळ लघवी जास्त करतंय का, आणि बाळ पाणी गिळत नाही का? पहिल्या तिमाहीनंतर हळूहळू गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. दिवस भरत आलेलं बाळ दिवसाला ८०० ते १२०० मिलिलिटर लघवी करतं आणि त्यातलं बरंचसं परत गिळतं. फुप्फुसांतूनही थोडा द्रव येतो आणि थोडं पाणी पडद्यांतून बाळाच्या रक्तात शोषलं जातं, पण मोठा हिशोब लघवी आणि गिळणं यांचाच.

गिळण्याची बाजू आम्ही आधी पाहिली. बाळाच्या पोटात जठराचा काळा फुगा नीट दिसत होता. तो दिसलाच नसता तर अन्ननलिका बंद असल्याची शंका आली असती, आणि शेजारी दुसरा फुगा दिसला असता तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अडथळा असल्याची. डोकं, पाठीचा कणा आणि हालचाल व्यवस्थित होती. मेंदूच्या मोठ्या धमनीतला रक्ताचा वेग वाढलेला नव्हता, म्हणजे बाळाला रक्तक्षय असल्याची खूण नव्हती. सुजाताचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, त्यामुळे आरएचचाही प्रश्न नव्हता. उरली लघवीची बाजू. चोविसाव्या आठवड्यातली साखर नॉर्मल होती, तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी पुन्हा तपासली, ती १७१ आली. आपल्याकडच्या एकटप्पी चाचणीत १४० ची मर्यादा आहे. आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते, आणि मग बाळ जास्त लघवी करतं असं मानलं जातं. आहार आणि इन्सुलिनने साखर ताब्यात आली तसं पाणी २१ पर्यंत उतरलं. बाळ ३.७ किलोचं झालं. ताणलेलं गर्भाशय बाळंतपणानंतर नीट आकसत नाही, म्हणून रक्तस्रावाची तयारी आधीच करून ठेवली होती, पण ती लागली नाही. इतकं सरळ कारण सापडणं हे भाग्यच. पाणी जास्त असलेल्या निम्म्याहून अधिक बायकांत, विशेषतः सौम्य गटात, शोधूनही काही सापडत नाही.

आता दुसरी खेप. रिपोर्टवरचा आकडा पाहून लगेच औषधाची चिठ्ठी लिहायची नाही, आधी आकडा स्वतः घ्यायचा, ही माझी सवय. एएफआय ही पद्धत १९८७ पासून वापरात आहे. आई उताणी झोपते. बेंबीतून जाणारी आडवी रेषा आणि पोटावरची काळसर उभी रेषा यांनी पोटाचे चार भाग धरायचे. प्रत्येक भागात प्रोब जमिनीला काटकोनात, आईच्या अंगाला समांतर धरायचा आणि पाण्याच्या सगळ्यात खोल कप्प्याची उभी खोली मोजायची. त्या कप्प्यात नाळ किंवा हातपाय नसावेत. चार आकड्यांची बेरीज म्हणजे एएफआय. ५ किंवा त्याखाली कमी.

ऐकायला सोपं आहे, पण यात घसरायच्या जागा बऱ्याच आहेत. प्रोब दाबून धरला की कप्पा चपटा होतो आणि आकडा उतरतो. प्रोब तिरका झाला की खोली खोटी वाढते. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात पाणी वाटणारी जागा कधी कधी नाळेच्या वेटोळ्यांनी भरलेली असते, आणि वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉपलर लावला की ती लाल-निळी उजळते. मात्र डॉपलर सतत लावून मोजत राहिलं तर उलट चूक होते : प्रत्येक बारीक कप्पा नाळेचा म्हणून गळतो आणि पुष्कळ धडधाकट बायकांवर ‘पाणी कमी’चा शिक्का बसतो. मी डॉपलर शंका आली तरच लावते. आकडा कमी आला की तीनदा मोजून सरासरी घेते, कारण दोन माणसांच्या मोजण्यात एक-दीड सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून ४.८ आणि ५.३ यांच्यातल्या फरकावर बाळंतपणाची तारीख ठरवणं मला पटत नाही.

सुजाताच्या पोटात चार कप्पे मिळाले : १.८, १.०, १.६ आणि ०.५. बेरीज ४.९. एका भागातला कप्पा वरकरणी मोठा दिसत होता, पण तिथे नाळच होती, म्हणून तो धरला नाही. मग दुसरं माप घेतलं, सगळ्यात खोल एकच कप्पा. तो २ ते ८ सेंटीमीटर असला तर ठीक मानतात. हिचा १.८. या दुसऱ्या मापावर माझा जास्त भरवसा आहे. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत असं दिसलं की एएफआय वापरला की ‘पाणी कमी’ची निदानं वाढतात, कळा आणवणं वाढतं, पण त्यामुळे बाळांची तब्येत सुधारलेली दिसत नाही. एएफआय ४.९ आणि खोल कप्पा ३ असता तर मी सुजाताला आठवड्याने ये म्हणून सांगितलं असतं. इथे दोन्ही मापं कमी होती. एकतिसाव्या आठवड्यात एएफआय १४ च्या आसपास असणं सर्वसाधारण, त्यामुळे हे पाणी खरंच आटलेलं होतं.

आता प्रश्न उलटे विचारायचे. पाणी गळून जातंय का? बाळाला मूत्रपिंडं आहेत का? लघवीची वाट बंद आहे का? की सगळं शाबूत असून मूत्रपिंडांकडे रक्तच कमी जातंय?

गळतीपासून सुरुवात केली. पिशवी फुटली की नेहमी धो धो पाणी जातं असं नाही. कधी थेंब थेंब ओल असते आणि बाईला ती अंगावरून जाणारं पांढरं पाणी वाटते. सुजाताला विचारलं तर ती नाही म्हणाली, तरी स्पेक्युलम लावून पाहिलं. योनीत पाणी साचलेलं नव्हतं, खोकल्यावरही आलं नाही. नमुना घेऊन तपासण्यासारखंही काही नव्हतं. ही तपासणी सोडून नुसतं ‘गळत नाही म्हणते’ असं लिहिणं मला धोक्याचं वाटतं, कारण फुटलेल्या पिशवीत संसर्गाची भीती असते आणि तिथली पुढची वाट पूर्ण वेगळी.

मूत्रपिंडांच्या प्रश्नाचं उत्तर जुन्या कागदात होतं. एकोणिसाव्या आठवड्याच्या सविस्तर सोनोग्राफीत पाणी पुरेसं होतं. दोन्ही मूत्रपिंडं नसतील तर पाणी सोळा-अठरा आठवड्यांपासूनच जवळजवळ नसतं. म्हणून ती भीती एका ओळीत गेली. त्या काळात पाणी नसेल तर फुप्फुसं वाढत नाहीत, म्हणून कमी पाणी कोणत्या आठवड्यात सुरू झालं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. तरी पुन्हा पाहिलं. दोन्ही मूत्रपिंडं जागेवर, आकार ठीक, आत गाठी किंवा फुगलेला भाग नाही. मूत्राशय दिसलं, पण लहान. बाळाचं मूत्राशय साधारण अर्ध्या-पाऊण तासात भरतं आणि रिकामं होतं. मी सुजाताला थोडं चालायला लावून पुन्हा पाहिलं. ते किंचित भरलं होतं. फुगून कुलपाच्या भोकासारखं दिसणारं मूत्राशय, जे मुलग्यांत मूत्रमार्गाची झडप अडल्यावर दिसतं, तसं अजिबात नव्हतं. म्हणजे वाट मोकळी, माल कमी.

वार नीट काम करत नसेल तर बाळ आपलं रक्त मेंदूकडे वळवतं आणि मूत्रपिंडांवर काटकसर करतं. असं असतं तर बाळाचं वजन मागे पडलं असतं आणि डॉपलर बिघडला असता. वजन १.६ किलो, त्या आठवड्याला साजेसं. नाळेचा आणि मेंदूचा डॉपलर दोन्ही नीट. आईचा रक्तदाब ११६/७४, लघवीत प्रथिन नाही. साखर या वेळी दोनदा तपासली होती, दोन्हीदा १४० च्या आत.

इथे माझ्यापुढे थोडं कोडं उभं राहिलं. सासूबाईंचं पाणी-बंदीचं स्पष्टीकरण तसं अगदीच खोटं नाही. आईने दोनेक लिटर पाणी प्यायलं की कमी असलेलं गर्भजल थोडं वाढतं, हे दाखवलं गेलेलं आहे. पण थोडं. सुजाता तहानलेली होती म्हणावं तर जीभ ओली, लघवी फिकट, नाडी शांत. मी तिला दुपारभर पाणी प्यायला लावलं आणि संध्याकाळी पुन्हा मोजलं. ५.४ आलं. हा फरक मोजण्याच्या चुकीत बसतो. सासूबाईंना तेवढं सांगून टाकलं, “मावशी, तुमच्या हातून हे झालेलं नाही.”

औषधांबद्दल सुरुवातीलाच विचारलं होतं. उत्तर ठरलेलं : लोह, कॅल्शियम, बाकी काही नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या बाळाची मूत्रपिंडं बंद पाडतात, म्हणून आम्ही ते विचारतोच. पण संध्याकाळची सोनोग्राफी झाल्यावर टेबलावरून उतरताना सुजाताने कंबरेला हात लावला आणि डोळे मिटले.

“कंबर दुखते का गं?”

“दुखते की. पण आता बरीच कमी आहे. गोळी घेतली की उठता येतं.”

“कोणती गोळी?”

“पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याने सांगितलं, पोटुशीला ती चालते.”

पर्समध्ये पाकीट होतं. पॅरासिटामॉल त्यात होतं, हे खरं. ३२५ मिलिग्रॅम. पण त्याआधी, त्याच ओळीत, ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम होतं. ही जोडगोळी आपल्याकडे कंबरदुखी, दातदुखी, गुडघेदुखी सगळ्यावर सर्रास मिळते. सकाळ-संध्याकाळ एकेक, साधारण अडीच आठवडे. कागदावरच्या ‘औषधं’ या रकान्यात ती येणारच नव्हती, कारण सुजाताच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं. दुखण्यावरची गोळी ही गोळी. तेव्हापासून आमच्या खोलीत प्रश्न बदलला आहे. औषध कोणतं चालू आहे हे विचारतोच, पण नंतर डोकं, दात, कंबर, गुडघे दुखतात का आणि दुखल्यावर काय घेतेस, लेप कोणता लावतेस, हे वेगळं विचारतो. डायक्लोफेनॅकचा मलमासारखा लेप भरपूर आणि रोज चोळला तर तोही रक्तात जातो.

ही गोळी पाणी का आटवते ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या मूत्रपिंडांपेक्षा बाळाची मूत्रपिंडं रक्तपुरवठ्यासाठी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यावर फार अवलंबून असतात. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही सगळी दुखणं थांबवतात ती ते द्रव्य तयार होणं रोखूनच. गोळी वारेतून बाळाकडे जाते, मूत्रपिंडांकडचं रक्त कमी होतं, लघवी कमी होते आणि गिळणं मात्र चालूच राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये यासाठीच इशारा दिला : विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं टाळावीत, देणं भागच पडलं तर कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस, आणि ४८ तासांपेक्षा जास्त चालली तर सोनोग्राफीने पाण्यावर लक्ष ठेवण्याचा विचार करावा. डॉक्टरने सांगितलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन यात येत नाही. ती रक्तदाबाच्या जोखमीसाठी दिली जाते आणि ‘दुखण्याची गोळी’ समजून स्वतःहून बंद करायची नसते.

गंमत म्हणजे याच गुणाचा उपयोग पूर्वी पाणी जास्त असलेल्या बायकांत मुद्दाम केला जायचा. इंडोमेथासिन नावाची याच कुळातली गोळी देऊन बाळाची लघवी कमी करायची आणि पोटातलं पाणी उतरवायचं. पहिल्या खेपेच्या सुजातालाही त्या काळी ती कुणी दिली असती. अमेरिकेतल्या माता-गर्भवैद्यक संघटनेने २०१८ मध्ये नुसतं पाणी कमी करायला ती वापरू नये असं सांगितलं, कारण नवजात बाळाच्या तब्येतीची किंमत मोजावी लागते. पाण्याने आईला फारच धाप लागली तर आज सुईने थोडं पाणी काढतात. एका खेपेला जो परिणाम औषध म्हणून हवा होता, तोच दुसऱ्या खेपेला घरच्या पर्समधून नकळत मिळाला.

या गोळ्यांचं दुसरं घातक काम हृदयाजवळ चालतं. जन्मापर्यंत उघडी राहायला हवी अशी एक रक्तवाहिनी, डक्टस, बाळाच्या फुप्फुसांना बगल देऊन रक्त नेते. ती उघडी राहते तीही प्रोस्टाग्लँडिनच्या बळावर. तिसाव्या आठवड्यानंतर ती या गोळ्यांनी आकसण्याची भीती वाढते, आणि आकसली तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. म्हणून पाण्याचं कारण सापडलं म्हणून काम संपत नाही. त्याच दिवशी गर्भाचा इको केला. डक्टसमधला वेग वाढलेला होता आणि उजव्या झडपेतून थोडं रक्त मागे येत होतं. सौम्य, पण खरं. सुजाताला मी हे लपवलं नाही. पॅरासिटामॉल नावाखाली काय घेत होतीस आणि ते बंद केल्यावर काय सुधारायला हवं, दोन्ही सांगितलं.

उपचार म्हणाल तर गोळी बंद. दुखण्याला नुसतं पॅरासिटामॉल, कंबरेला आधाराचा पट्टा, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले दोन व्यायाम. पाणी तहान लागेल तसं, मोजून नाही. आपल्याकडे पाणी कमी निघालं की आर्जिनिनच्या पुड्या आणि अमिनो ॲसिडची सलाइन सुरू करायची पद्धत पडली आहे. त्यांचा पुरावा फार तोकडा आहे, आणि कारण गोळीत असताना त्या देऊन आपण फक्त वेळ आणि पैसा घालवला असता. लवकर बाळंत करावं लागेल म्हणून फुप्फुसांचं स्टेरॉइड इंजेक्शन द्यायचं का, यावर आमच्यात चर्चा झाली. येत्या सात दिवसांत बाळंतपण होण्याची खरी शक्यता असेल तरच ते द्यायचं. बाळ नीट वाढत होतं, ठोके चांगले होते, कारण उलटवता येण्यासारखं होतं. दिलं नाही. मात्र बाळाच्या हालचाली मोजायच्या आणि आठवड्यातून दोनदा ठोक्यांचा आलेख काढायला यायचं, हे ठरलं.

तीन दिवसांनी एएफआय ६.८, खोल कप्पा २.४. बाळाचं मूत्राशय टम्म भरलेलं दिसलं. मला आकड्यापेक्षा त्याचाच जास्त दिलासा वाटला. आठवड्याने ११.२ आणि ३.६. पुन्हा केलेल्या इकोमध्ये डक्टसचा वेग उतरला होता आणि झडपेतून मागे येणारं रक्त दिसलं नाही. पाणी वाढलं नसतं तर मी तिथेच थांबले नसते. गोळी बंद करून आठवड्यात फरक पडत नसेल तर गळती पुन्हा तपासायची, बाळाची वाढ दोन आठवड्यांनी परत मोजायची आणि गोळी हे कारण होतं का याचाच फेरविचार करायचा. नुसती गोळी सापडली म्हणून कारण सिद्ध होत नाही. गोळी थांबवल्यावर पाणी परतलं म्हणून झालं.

पस्तिसाव्या आठवड्यात गावाकडून पुन्हा एक रिपोर्ट आला : एएफआय ७.९, ‘काठावर कमी’. सुजाता घाबरून आली. खोल कप्पा ३.१ होता, वाढ नीट, आलेख नीट. दिवस भरत येतात तसं पाणी हळूहळू कमी होतंच, आणि ५ ते ८ या पट्ट्यातला एकटा आकडा हे सीझरचं कारण नाही. तिला परत पाठवलं.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आपसूक आल्या आणि ती नैसर्गिक बाळंत झाली. मुलगा, २.९ किलो. बाळाने पहिल्या सहा तासांतच लघवी केली. दुसऱ्या दिवशीचं क्रिएटिनिन आणि बालहृदयतज्ज्ञांनी केलेला इको दोन्ही नॉर्मल होते, म्हणून पुढे मूत्रपिंडांची वेगळी तपासणी ठेवली नाही. घरी जाताना तिच्या कागदावर ॲसिक्लोफेनॅक हे नाव आणि त्याच्या जोडगोळ्या लाल शाईने लिहून दिल्या, पुढच्या गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या म्हणून. स्तनपान चालू असताना अशी गोळी लागलीच तर आधी विचारून घे, एवढं तोंडी सांगितलं.